छापील किंमत खोडलेली म्हणजे तेवढी बचत?

"५,९९९ खोडून २,७९९ लिहिलंय, म्हणजे गणपतीच्या सेलमध्ये ३,२०० रुपये वाचले ना?"

नाही. खोडलेला आकडा बहुतेक वेळा एमआरपी असतो. एमआरपी ही विक्रीची कमाल मर्यादा. ती उत्पादक ठरवतो आणि त्या भावाने वस्तू एकदाही विकली गेली नसली तरी चालते. बचत मोजायची ती सेलआधी रोज चालू असलेल्या भावाशी.

समजा, चिपळूणच्या घरी मोदकांचं पीठ नि वाटणासाठी मिक्सर हवाय. अ‍ॅमेझॉनवरच्या वस्तूची लिंक Keepa या वेबसाइटवर टाकली की जुन्या भावांचा आलेख दिसतो. तीन महिन्यांचा भाग बघा. भाव बहुतेक दिवस २,८९९ वर सपाट, सेलच्या दहा दिवस आधी ३,४९९ आणि आता २,७९९, असं दिसलं तर खरी सूट शंभर रुपयांची. ती आधीची उडी हीच मुख्य खूण. तुलनेला सर्वांत जास्त दिवस टिकलेला भाव घ्या. एका दिवसाचा नीचांक किंवा उच्चांक नको.

आलेखात बँक कार्डाची सवलत सहसा धरलेली नसते, ती वेगळी वजा करा. मॉडेल क्रमांक आणि वॅटही जुळवा, कारण नव्या नोंदीला इतिहासच नसतो. मग छापील किंमत विसरा आणि तेच मॉडेल बाजारपेठेतल्या दुकानात केवढ्याला आहे ते फोन करून विचारा. माझ्या मते शंभराच्या फरकासाठी गावातला दुकानदार सोडू नये. मिक्सर बिघडला तर तो जवळ असतो.