दोन बिंदू, एक रेषा: छोट्या मॅट्रिक्सची एसव्हीडी

ही दोन ओळींची मॅट्रिक्स घ्या:

```
A = | ७  १ |
    | ५  ५ |
```

प्रत्येक ओळ म्हणजे आलेखावरचा एक बिंदू समजा: (७, १) आणि (५, ५). आता आरंभबिंदूतून जाणारी अशी एक रेषा काढायची आहे, की दोन्ही बिंदूंपासून तिच्यावर टाकलेल्या लंबांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी यावी. सिंग्युलर व्हॅल्यू डीकॉम्पोझिशन, म्हणजे एसव्हीडी, नेमकी हीच रेषा शोधून देते.

चारही आकड्यांच्या वर्गांची बेरीज ४९ + १ + २५ + २५ = १०० आहे. रेषा कुठलीही घ्या, पायथागोरसच्या प्रमेयामुळे या १०० चे दोन वाटे होतात: रेषेवर पडणाऱ्या छायांचा आणि लंबांचा. एकूण ठरलेली असल्यामुळे छाया जितकी मोठी, तितकी चूक लहान. सगळी युक्ती इथेच आहे.

छाया कोणत्या दिशेला सर्वांत मोठी पडते, ते AᵀA सांगते:

```
AᵀA = | ७४  ३२ |
      | ३२  २६ |
```

कर्णावरच्या आकड्यांची बेरीज १०० आणि निश्चयक ७४×२६ − ३२×३२ = ९००. म्हणून आयगेन मूल्ये अशा दोन संख्या आहेत, ज्यांची बेरीज १०० आणि गुणाकार ९००: अर्थात ९० आणि १०. त्यांची वर्गमुळे, √९० आणि √१०, ही A ची सिंग्युलर मूल्ये. ९० ची दिशा (२, १), तर १० ची तिला लंब असलेली (१, −२).

(२, १) च्या रेषेवर लंब टाकले की सुंदर गोष्ट दिसते. दोन्ही बिंदूंचे लंबपाद एकच येतात, (६, ३):

```
| ७ १ |   | ६ ३ |   |  १ −२ |
| ५ ५ | = | ६ ३ | + | −१  २ |
```

उजवीकडची पहिली मॅट्रिक्स रँक १ ची आहे, कारण तिच्या ओळी एकाच दिशेच्या पटी आहेत. उरलेल्या भागाच्या वर्गांची बेरीज १०, म्हणजे दुसऱ्या सिंग्युलर मूल्याचा वर्ग. पहिली ओळ जशीच्या तशी ठेवून दुसरी तिच्या पटीत बसवली, तर ती फार तर (५.६, ०.८) अशी येते आणि चूक १८ होते. रँक १ मध्ये १० पेक्षा कमी चूक शक्यच नाही. हाच निष्कर्ष कितीही मोठ्या मॅट्रिक्सला आणि कोणत्याही रँकला लागू पडतो. १९३६ मध्ये एकार्ट आणि यंग यांनी तो मांडला, म्हणून त्यांचे नाव त्याला आहे.

हाताने करताना AᵀA चा रस्ता उत्तम, पण संगणकावर तो धोक्याचा आहे. (१, १), (ε, ०), (०, ε) अशा तीन ओळी घ्या आणि ε = १०⁻⁹ ठेवा. लहान सिंग्युलर मूल्य ε इतके आहे. पण AᵀA मध्ये १ + १०⁻¹⁸ येते, संगणकाचे सुमारे सोळा अंक ते १ वरच आणून ठेवतात, आणि लहान मूल्य शून्य दिसू लागते. म्हणून गोलब आणि काहान यांनी १९६५ मध्ये AᵀA न बनवता, A वरच काम करून तिला आधी दोन कर्णांच्या साध्या रूपात आणण्याची पद्धत दिली.