पोटदुखीच्या आड लपलेला टायफॉइड

समजा, एका पंचविशीतल्या तरुणाला सहा दिवस ताप आहे. ताप रोज थोडा चढत गेला आहे आणि आता पोटाच्या उजव्या बाजूला खाली दुखू लागले आहे. अशा वेळी पहिली शंका अपेंडिक्सची येते आणि ती रास्तच असते. परंतु अपेंडिक्सच्या दुखण्यात सहसा आधी पोट दुखते, ताप मागाहून येतो आणि रक्तातील पांढऱ्या पेशी वाढतात. इथे ताप आधी आला आहे, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत आणि सोनोग्राफीत अपेंडिक्स निरोगी दिसते. मात्र लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची भिंत जाड झालेली असून तिच्याजवळच्या लसिका ग्रंथी सुजलेल्या आहेत. टायफॉइडचे जिवाणू याच भागातील लसिका ऊतींत शिरून वाढतात, म्हणून दुखणे नेमके तिथे जाणवते.

निदान पक्के करण्यासाठी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची तपासणी, करावे लागते आणि त्याचे रक्त प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी घेणे फार मोलाचे असते. टायफॉइडमध्ये एक मिलिलिटर रक्तात अनेकदा एखादाच जिवाणू सापडतो. त्यामुळे प्रौढांकडून आठ ते दहा मिलिलिटर रक्त घ्यावे लागते आणि तरीही साधारण निम्म्या ते दोनतृतीयांश रुग्णांतच जिवाणू वाढलेला दिसतो. म्हणजेच कल्चर निगेटिव्ह आले तरी टायफॉइड नाही असे ठरत नाही. अस्थिमज्जेचे कल्चर अधिक खात्रीचे असते, पण ती तपासणी त्रासदायक असल्याने क्वचितच केली जाते. रक्तातील प्रतिपिंडे तपासणारी विडाल चाचणी स्वस्त आणि झटपट होते हे खरे. पण पूर्वीच्या संसर्गामुळे किंवा अन्य आजारांमुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते आणि पहिल्या आठवड्यात खऱ्या रुग्णातही निगेटिव्ह राहू शकते, म्हणून केवळ तिच्या आधारे उपचार ठरवणे मला योग्य वाटत नाही. कल्चरमधून जिवाणू कोणत्या औषधाला दाद देतो हेही कळते, जे विडाल सांगू शकत नाही.

आपल्या या रुग्णाच्या कल्चरमध्ये जिवाणू वाढला आणि तो सेफ्ट्रियाक्सोनला दाद देणारा निघाला. हे औषध साधारण दहा ते चौदा दिवस शिरेतून देतात. अ‍ॅझिथ्रोमायसिन चालणार असेल तर गोळ्यांचा कोर्स बहुधा सात दिवसांचा असतो. योग्य औषध चालू असतानाही ताप उतरायला चार ते सहा दिवस लागू शकतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी ताप असणे म्हणजे औषध निकामी ठरले असे नव्हे. उलट, ताप गेल्यावर औषध थांबवणे धोक्याचे असते, कारण यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतील पेशींच्या आत जिवाणू अजून तग धरून असतात.

आजाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोटात एकाएकी तीव्र कळ आली, पोट कडक झाले किंवा शौचातून रक्त गेले, तर आतड्याला छिद्र पडले असण्याची किंवा रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते आणि तातडीने रुग्णालय गाठावे लागते. पूर्ण उपचार होऊनही काही रुग्णांना दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो. तेव्हा नवे औषध सुरू करण्यापूर्वी ब्लड कल्चर पुन्हा करावे लागते.