एक घनमीटर काँक्रीट आणि १.५४ चा हिशोब

बादलीभर खडी आणि अर्धी बादली वाळू एकत्र केली, तर दीड बादली माल होत नाही. वाळूचा बराचसा भाग खडीच्या दाण्यांमधल्या रिकाम्या जागांत उतरतो आणि ढीग अपेक्षेपेक्षा लहान दिसतो. त्यात सिमेंट व पाणी मिसळले की सिमेंटचे बारीक कण वाळूच्या फटींत शिरतात, उरलेल्या जागेतली बहुतेक हवा बाहेर पडते आणि तीच जागा पाणी घेते. म्हणूनच एक घनमीटर ओले, दाबून बसवलेले काँक्रीट हवे असेल, तर सुटे मोजलेले कोरडे साहित्य एक घनमीटरपेक्षा बरेच जास्त लागते. ते किती जास्त, हे सांगणारा गुणक म्हणजे १.५४.

या गुणकाबद्दल एक गैरसमज नेहमी आढळतो. १.५४ म्हणजे साहित्य ५४ टक्क्यांनी आटते, असे अनेक जण सांगतात. प्रत्यक्षात १.५४ चे १ होते, म्हणजे घट ०.५४ भागिले १.५४, साधारण ३५ टक्के असते. ओल्या काँक्रीटकडून मागे जाताना ५४ टक्के वाढ आणि कोरड्या मालाकडून पुढे येताना ३५ टक्के घट, या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

आता प्रत्यक्ष हिशोब करू. एम २० दर्जाच्या काँक्रीटसाठी ठराविक प्रमाण १ : १.५ : ३ असे धरतात, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी. या भागांची बेरीज साडेपाच होते. १.५४ ला ५.५ ने भागले की एक भाग ०.२८ घनमीटर येतो. तेवढे सिमेंट, त्याच्या दीडपट म्हणजे ०.४२ घनमीटर वाळू आणि तिप्पट म्हणजे ०.८४ घनमीटर खडी. सुट्या सिमेंटचे वजन घनमीटरला १४४० किलो धरतात, त्यामुळे सिमेंट सुमारे ४०३ किलो, म्हणजे ५० किलोच्या आठ गोण्या आणि वर किंचित, इतके होते. बेरीज करताना सिमेंटचा एक भाग विसरून १.५४ ला साडेचारने भागणे ही इथली नेहमीची चूक असून तिच्यामुळे सिमेंटचा अंदाज पावणेदोन गोण्यांहून थोडा जास्त वाढून तो जवळपास दहा गोण्यांवर जातो.

इथवरचे गणित बहुतेकांना पाठ असते. ते खरे किती आहे, हे मात्र क्वचितच कोणी तपासते, आणि तपासणी फारशी अवघड नाही. सुट्या ढिगात भरीव भाग किती आणि पोकळी किती, हे घनतेवरून कळते. सिमेंटच्या कणाची स्वतःची घनता घनमीटरला ३१५० किलोच्या आसपास असते, तर सुट्या सिमेंटची १४४०, म्हणजे सुट्या सिमेंटचा निम्म्याहून अधिक भाग हवाच असतो. पूर्ण कोरड्या वाळूत सुमारे ६० टक्के आणि खडीत सुमारे ५५ टक्के भाग भरीव धरला, तर आपल्या मालातले भरीव घनफळ सिमेंटचे ०.१३, वाळूचे ०.२५ आणि खडीचे ०.४६ घनमीटर होते. सिमेंटच्या निम्म्या वजनाचे पाणी घातले, तर ते २०० लिटर म्हणजे ०.२० घनमीटर भरते. सगळे मिळून १.०४, आणि दाबून बसवल्यावरही काँक्रीटमध्ये राहणारी दोनेक टक्के हवा धरून १.०६ घनमीटर.

म्हणजे साहित्य खरोखर कोरडे असेल, तर १.५४ चा गुणक एका घनमीटरसाठी पाच-सहा टक्के जास्तच माल मागवतो. वजन करून पाहिले तरी हेच दिसते, कारण सगळ्या साहित्याची बेरीज अडीच हजार किलोच्या पुढे जाते, तर नेहमीचे ताजे काँक्रीट घनमीटरला २४०० किलोच्या आसपास भरते. थोडक्यात, सांडलवंडीची तरतूद बऱ्याच अंशी या आकड्यातच झालेली आहे. त्यावर पुन्हा सरसकट दहा टक्के चढवणे माझ्या मते अनावश्यक आहे.

तरीही कामावर माल पुरला नाही, अशी तक्रार ऐकू येते, आणि तिचे कारण बहुधा वाळूत सापडते. उघड्यावर पडलेली वाळू सहसा पूर्ण कोरडी नसते. प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर बसलेला असतो, आणि त्या पाण्याचा पृष्ठताण कणांना एकमेकांत नीट बसू देत नाही. त्यामुळे वाळू फुगते. चार-सहा टक्के ओलाव्याला बारीक वाळू २५ टक्के किंवा त्याहूनही जास्त फुगू शकते. पाणी आणखी वाढून वाळू पूर्ण बुडाली की हे थर नाहीसे होतात आणि तिचे घनफळ पुन्हा जवळजवळ कोरड्या वाळूइतके होते.

या शेवटच्या गुणाचा उपयोग करून फुगवटा जागेवरच मोजता येतो. सरळ बाजूंच्या भांड्यात ओलसर वाळू न दाबता २० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरावी. मग ती बाहेर काढून भांड्यात निम्मे पाणी घ्यावे, वाळू थोडी थोडी परत टाकत सळईने ढवळावी आणि पातळी सारखी करावी. आता उंची १६ सेंटिमीटर भरली, तर २० भागिले १६ म्हणजे फुगवटा २५ टक्के. अशा वेळी ०.४२ ऐवजी ०.५२५ घनमीटर ओलसर वाळू मोजावी लागेल. ३५ लिटरच्या फरम्याने गोणीमागे मोजायचे, तर दीडऐवजी जवळजवळ पावणेदोन-दोनच्या मध्ये फरमे भरावे लागतील. सिमेंट मात्र फरम्याने मोजू नये, पूर्ण गोणीच वापरावी, कारण ते ओतताना किती भुसभुशीत पडते यावर त्याचे घनफळ बदलते.

ही दुरुस्ती न करता ओलसर वाळू ०.४२ घनमीटरच मोजली, तर प्रत्यक्षात तिच्यात कोरड्या मापाने जेमतेम ०.३४ घनमीटर वाळू असते. मघाची बेरीज या आकड्याने पुन्हा केली, तर काँक्रीट एक घनमीटरच्या अगदी जवळ येते. गुणकातली शिल्लक वाळूच्या फुगवट्यात मुकाट्याने संपते, माल पुरल्यासारखा दिसतो आणि चूक झाकली जाते. मिश्रण मात्र १ : १.५ : ३ राहत नाही, १ : १.२ : ३ होते. खडीच्या दाण्यांमधली जागा भरायला मसाला अपुरा पडतो. असे मिश्रण फावड्याखाली खरखरते, साच्यात नीट बसत नाही, आणि फळ्या काढल्यावर कडांना व सळ्यांच्या खाली खडी उघडी पडलेले, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे भाग दिसतात. गवंडी ते सैल करण्यासाठी पाणी वाढवतो आणि मग मजबुतीही घटते.

वाळूची दुरुस्ती केल्यावर पाण्याचीही करावी लागते. ०.४२ घनमीटर कोरड्या वाळूचे वजन घनमीटरला १६०० किलोने ६७२ किलो होते. तिच्यात पाच टक्के ओलावा असेल, तर ती सोबत सुमारे ३४ लिटर पाणी घेऊन येते. त्यातले थोडे कणांच्या आत मुरलेले असते, ते वगळले तरी २०० लिटरमधून २५ लिटरच्या आसपास पाणी कमी करूनच मिक्सरमध्ये ओतावे लागते.