सायकल नक्की कोणाची? ‘स्वतः’ आणि ‘आपला’ यांचा कर्ता शोधताना

मागे एकदा बहिणीचा मेसेज आला, “सीमा सांगत होती की रवीने आपली सायकल विकली.” मी तो मेसेज तीन वेळा वाचला. आपली म्हणजे आमची, जिन्याखाली कधीची पडून आहे ती? की सीमाची? की रवीने त्याची त्यानेच विकली आणि सीमा फक्त बातमी सांगतेय? तिन्ही अर्थ मराठीत एकदम बरोबर बसतात, आणि मेसेजमध्ये बहिणीचा आवाज नाही त्यामुळे तिने जोर कुठे दिला असता तेही कळायला मार्ग नाही.

तिने ‘स्वतःची सायकल’ लिहिलं असतं तर प्रश्नच नव्हता, सायकल रवीची. शाळेत आपण ‘स्वतः’ आणि ‘आपण’ दोन्ही एकाच डब्यात टाकतो, आत्मवाचक सर्वनाम, म्हणजे कर्त्याकडे परत जाणारं सर्वनाम. पण हे दोघं कर्ता शोधायला एकाच ठिकाणी जात नाहीत, आणि खरी मजा तिथेच आहे.

अगदी छोट्या वाक्यापासून बघू. “रवीने स्वतःला आरशात बघितलं.” इथे रवीनेच रवीला बघितलं, दुसरा अर्थ निघतच नाही. “रवीने त्याला आरशात बघितलं” म्हटलं की आरशात दुसराच कोणीतरी आला. आता “रवीने आपल्याला आरशात बघितलं” म्हणून बघा. मला तरी इथे ‘आपल्याला’ म्हणजे तुला आणि मला असंच ऐकू येतं, रवीने रवीला बघितलं हा अर्थ येतच नाही. म्हणजे कर्ता एवढा समोर उभा असूनही ‘आपल्याला’ त्याच्याकडे जायला तयार नाही.

आता याच वाक्याभोवती अजून एक वाक्य गुंडाळू.

“सीमाला वाटलं की रवीने स्वतःला फसवलं.”
“सीमाला वाटलं की रवीने आपल्याला फसवलं.”

पहिल्यात फसला तो रवी. दुसऱ्यात फसली ती सीमा (किंवा संदर्भ तसा असेल तर आपण सगळे), पण रवी नक्की नाही. बाकीचे शब्द तेच, बदलला तो एकच, आणि फसणारा माणूस बदलला. ‘स्वतःला’ हा ‘की’च्या आत राहून आतलाच कर्ता पकडतो, तर ‘आपल्याला’ आतल्या कर्त्याला सोडून ‘की’ची भिंत ओलांडून बाहेरच्या कर्त्यापर्यंत जातो. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीने 1981 मध्ये जो नियम मांडला त्याचा साधा अर्थ असा होता की अशा परत फिरणाऱ्या शब्दाला त्याचा माणूस जवळपास आपल्याच उपवाक्यात मिळायला हवा. ‘स्वतः’ हा नियम मुकाट पाळतो, ‘आपण’ मात्र नेमकं उलटं करतो. अर्थात असा लांब जाणारा शब्द फक्त मराठीत नाही, जपानीत ‘जिबुन’ आहे, आइसलँडिकमध्ये ‘सिग’ आहे, तेही वाक्याची भिंत ओलांडून बाहेरच्या कर्त्यापर्यंत पोचतात.

मग सायकलचा घोळ का झाला? कारण मालकी दाखवणारा ‘आपला, आपली, आपलं’ दोन्हीकडे जातो. “रवीने आपली सायकल विकली” एवढंच म्हटलं तर रवीची सायकल हा अर्थ अगदी सहज येतो, म्हणजे जवळचा कर्ता चालतो. आणि ‘सीमा सांगत होती की’ पुढे लावलं की लांबची सीमाही चालते. त्यात मराठीत ‘आपण’ म्हणजे ऐकणारा धरून ‘आम्ही’ हाही अर्थ आहेच, म्हणून तिसरी सायकल आमची. ‘आपल्याला’ लांबच जातो पण ‘आपली’ जवळही राहते, आणि एकाच शब्दाची दोन रूपं असून हा फरक बोलताना आपल्या कोणाच्याच लक्षात येत नाही.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण हिंदी बोलून बोलून ही गडबड हल्ली जास्त ऐकू येते. हिंदीत ‘मैं अपना काम करता हूँ’ चालतं, मराठीत ‘मी माझं काम करतो’. ‘मी’ कर्ता असताना ‘आपला’ आला तर तो बहुतेक वेळा मालकी सांगतच नाही. “मी आपली गप्प बसले” यात कोणाचंच काही नाही, तो ‘आपली’ फक्त ‘उगाच कशाला मध्ये पडा’ असा सूर लावतो.

आता कर्त्याकडे येऊ, कारण वर मी ‘कर्ता’ हा शब्द फार सहज वापरलाय आणि तो तितका सहज नाही. वाक्यात जवळ आलेलं नाव म्हणजे कर्ता नाही. “मीनाच्या भावाने आपली गाडी विकली” यात मीना आधी आली तरी गाडी भावाची, कारण मीना भावाच्या आत अडकलेली आहे, ती फक्त कोणता भाऊ ते सांगते. आधी-नंतरचाही संबंध नाही. आत्मवाचक सर्वनाम वाक्याच्या सुरुवातीला येत नाही असं काही ठिकाणी शिकवतात, पण “स्वतःला काय समजतो तो!” हे आपण रागात रोज म्हणतो आणि त्यात ‘स्वतःला’ पहिलाच शब्द आहे, कर्ता बिचारा शेवटी.

क्रियापद ज्याच्याशी जुळतं तो कर्ता म्हणावं तर “रवीने खिडक्या उघडल्या” मध्ये ‘उघडल्या’ खिडक्यांशी जुळतं. प्रत्यय नसलेला तो कर्ता म्हणावं तर “रवीला स्वतःचा आवाज आवडत नाही” हे वाक्य घ्या. रवीला ‘ला’ लागलाय, तो काही करतही नाहीये, ‘आवडत नाही’ आवाजाशी जुळतंय, आणि तरी ‘स्वतःचा’ थेट रवीकडे जातो. उलटं करून “रवीचा आवाज स्वतःला आवडत नाही” म्हणून बघा, वाक्य लगेच लंगडं होतं. अजून एक, “रवीचा स्वतःवर विश्वास नाही.” इथे रवीला ‘चा’ लागलाय, मघाच्या मीनासारखाच, पण मीना अडकली होती आणि हा रवी मोकळा आहे. “स्वतःवर विश्वासच नाही रवीचा” असा तो खुशाल वाक्याच्या दुसऱ्या टोकाला नेता येतो, म्हणजे तो नुसतं कोणाचा विश्वास ते सांगणारा तुकडा नाही. म्हणून भाषेचा अभ्यास करणारे ‘स्वतः’ आणि ‘आपला’ हे चाचणी म्हणून वापरतात. प्रत्यय काहीही सांगू दे, क्रियापद कोणाशीही जुळू दे, हे शब्द ज्याच्याकडे परत जातात तो त्या वाक्यात कर्त्याच्या जागी बसलाय असं धरायला चांगला आधार मिळतो.

ही चाचणी न दिसणारा कर्तासुद्धा दाखवते. “सरांनी मोहनला स्वतःचं पेन दिलं.” पेन सरांचं, मोहन कर्ता नाही म्हणून तो बाद. आता “सरांनी मोहनला स्वतःचं नाव लिहायला सांगितलं.” नाव कोणाचं लिहायचं? इथे मोहनचंही चालतं आणि सरांचंही चालतं, मोहनने गोंधळून दोन्ही लिहिली तरी त्याला दोष देता येणार नाही. माणसं तीच, प्रत्यय तेच, मग मोहन अचानक कसा चालायला लागला? कारण ‘लिहायला’ हे स्वतःच एक छोटं क्रियापद आहे, लिहिणारा कोणीतरी लागतोच, आणि तो मोहन आहे, फक्त ती जागा रिकामी ठेवलीय. ‘स्वतःचं’ला तिथे एक कर्ता आत मिळाला (न दिसणारा) आणि एक बाहेर. ‘की’ची भिंत पक्की असते, ‘लिहायला’ची भिंत कच्ची, म्हणून सरही हाताला लागतात. पटत नसेल तर कच्ची भिंत काढून पक्की घाला, “सरांनी मोहनला सांगितलं की स्वतःचं नाव लिही”, लगेच एकच अर्थ उरतो, मोहनचं नाव.

आता परत लांब जाणाऱ्या ‘आपण’कडे, कारण मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट त्याच्याकडे आहे. हा शब्द संस्कृतातल्या ‘आत्मन्’पासून प्राकृतातून घासत घासत आलाय, आणि भिंत ओलांडताना तो कोणत्याही कर्त्याला पकडत नाही. “सीमाने आपल्याला बघितलं तेव्हा रवी पळाला” यात रवी बाहेरचा कर्ता आहे, तरी ‘आपल्याला’ म्हणजे रवी होत नाही. पण “रवीला वाटलं की सीमाने आपल्याला बघितलं” म्हटलं की लगेच होतो. पहिल्यात रवी फक्त पळतोय, दुसऱ्यात त्याच्या मनातलं आपण सांगतोय. ‘आपण’ला बाहेर असा माणूस लागतो जो बोलतोय, समजतोय, घाबरतोय, ज्याच्या डोक्यातून आतलं वाक्य निघालंय. क्रियापदही तसंच येतं, “तिला वाटलं, आपण हरलो”, ती एकटी आहे, बाई आहे, तरी ‘हरली’ नाही, ‘हरलो’.

हे किती काटेकोर आहे ते असं बघता येतं. रवी एक जुनं रेकॉर्डिंग ऐकतोय, कोणीतरी गातंय आणि बेसूर गातंय. आवाज त्याचाच आहे पण त्याने ओळखलेला नाही, तो मनात म्हणतो, काय बेसूर गातोय हा. आता हे दुसऱ्याला सांगायचंय. “रवीला वाटलं की तो बेसूर गातोय” म्हणता येईल, तो म्हणजे रेकॉर्डिंगमधला, आणि आपल्याला माहितीय की तो रवीच आहे. पण “रवीला वाटलं की आपण बेसूर गातोय” हे इथे खोटं ठरतं, माणूस तोच असला तरी. मग रेकॉर्डिंगच्या शेवटी कोणीतरी ‘रवी, बस आता’ म्हणतं आणि त्याला उजेड पडतो, त्या क्षणापासून ‘आपण’ खरं व्हायला लागतं. गाणारा बदलला नाही, आवाज बदलला नाही, बदललं ते एवढंच की ‘हा मीच’ हे रवीला कळलं, आणि मराठी ते एका सर्वनामात नोंदवते.

पश्चिम आफ्रिकेतल्या एवे भाषेत तर यासाठी वेगळं सर्वनामच आहे, ‘ये’, जे ज्याचं बोलणं किंवा विचार सांगतोय त्याच्यासाठीच येतं. अशा सर्वनामांना क्लोद आझेज या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने 1974 मध्ये ‘लोगोफोरिक’ हे नाव दिलं. मराठीने वेगळा शब्द केला नाही, ‘आपण’वरच हेही काम टाकलं, म्हणून तो कधी आम्ही, कधी आदराचं तुम्ही आणि कधी कोणाच्या तरी मनातला मी.

बहिणीला शेवटी फोन करून विचारलं. सायकल सीमाची होती. मी आधी जिन्याखाली जाऊन बघून आले होते, आमची जागेवरच होती, मागच्या चाकात हवा नव्हती.