खाकी आणि ठिपक्या-पट्ट्यांचा गणवेश: लपण्याच्या दोन वेगळ्या तऱ्हा

खाकी गणवेश आणि जवानांचा ठिपक्या-पट्ट्यांचा गणवेश, दोन्ही लपण्यासाठीच, असं आपण सरसकट म्हणून टाकतो. पण दोन्हींची युक्ती एक नाही.

आधी जुन्या सैन्यांच्या गणवेशांतल्या भडक रंगांबद्दल. तो निव्वळ डामडौल नव्हता. बंदुकीच्या काळ्या दारूच्या धुरात रणांगण झाकून जायचं आणि आपला कोण, परका कोण हे लांबून कळायला लाल-निळा कोट कामी यायचा. बंदुकीचा नेमही शंभरेक मीटरपलीकडे फारसा लागत नसे. १८८०च्या दशकात बिनधुराची दारू आणि लांब पल्ल्याच्या रायफली आल्या आणि हे गणित उलटलं. तरीही फ्रेंच पायदळ ऑगस्ट १९१४मध्ये लाल विजारीत लढाईला उतरलं. हा हट्ट त्यांना महागात पडला.

खाकीची सुरुवात त्याच्या बरीच आधी, १८४०च्या दशकात पेशावरकडे, ब्रिटिश अधिकारी हॅरी लम्सडेनच्या गाइड्स पलटणीत झाली. कल्पना साधी होती: कपडा मातीच्या रंगाचा करायचा. धुळकट माळावर ती चालते. पण तोच शिपाई हिरव्या झुडपापुढे किंवा टेकडीच्या माथ्यावर आकाशापुढे आला की डोकं, खांदे, हात असा माणसाचा आकार लख्ख दिसतो. रंग जुळला नाही की खाकीकडे दुसरा उपाय नाही.

ठिपक्या-पट्ट्यांचा गणवेश त्या आकारावरच घाव घालतो. गडद पट्टा खांद्याच्या कडेपर्यंत नेऊन तिथेच तोडला, की तो भाग मागच्या सावलीत मिसळतो, शेजारचा फिका भाग सुटा वाटतो आणि खांद्याची सलग रेघ डोळ्याला सापडत नाही. इटलीने १९२९मध्ये तंबूच्या कापडावर असं नक्षीकाम छापलं, जर्मनांनी १९३१मध्ये.

कड तोडण्याला खरंच महत्त्व आहे का, हे ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५मध्ये तपासलं. कागदाचे पतंग, म्हणजे फुलपाखरासारखे किडे, करून त्यांना मेलेल्या अळ्या लावल्या आणि ते ओकच्या खोडांवर टाचले. ज्यांचे डाग पंखांच्या कडेला भिडत होते, ते पक्ष्यांपासून जास्त वाचले. तसेच डाग आतल्या बाजूला असलेले पतंग त्यामानाने लवकर खाल्ले गेले.

या युक्तीलाही मर्यादा आहे. डाग फार बारीक आणि रंग एकमेकांच्या फार जवळचे असले, तर लांबून ते मिसळून एकच फिका रंग होतो. अमेरिकी लष्कराने २००४मध्ये आणलेला करड्या चौकटींचा गणवेश इथेच फसला, आणि २०१०पासून अफगाणिस्तानातल्या तुकड्यांना दुसरा द्यावा लागला. कुठलंही असं कापड डोळे किलकिले करून बघा. डाग तेव्हाही वेगवेगळे दिसले तर कड तुटते आहे. एकच रंग दिसला तर लांबून ते कापड खाकीइतकंच काम करणार.