‘यमाताराजभानसलगा’ आणि आठ बाणांची बंद फेरी

पुण्यातल्या मराठी शाळेत वृत्ते शिकलेल्या माणसाला ‘यमाताराजभानसलगा’ वेगळे सांगावे लागत नाही. यमाता हा य गण, एक अक्षर पुढे सरकले की मातारा हा म गण, मग ताराज, राजभा, जभान, भानस, नसल आणि शेवटी सलगा. लघूला ० आणि गुरूला १ लिहिले तर ही दहा अक्षरे ०१११०१०००१ अशी होतात. शेवटचे ०१ आणि सुरुवातीचे ०१ एकच आहेत. ते एकमेकांवर ठेवले की उरते आठ खुणांचे कडे, ०१११०१००. या कड्यात तीन खुणांचा प्रत्येक आकृतिबंध नेमका एकदा येतो. आज अशा मालेला डी ब्रुइन माला म्हणतात.

इथूनच वादाला सुरुवात होते. हे सूत्र पिंगलाचे आहे आणि म्हणून या गणिताचा शोध दोन हजार वर्षांपूर्वी लागला, असे आपल्याकडच्या व्याख्यानांत ठासून सांगितले जाते. मला ते पटत नाही. पिंगलाच्या छंदःशास्त्रात गणांचा क्रम म, य, र, स, त, ज, भ, न असा आहे. तो प्रस्ताराचा क्रम आहे. तिन्ही गुरूंपासून निघून तिन्ही लघूंपर्यंत पद्धतशीर मोजत जाणारा, आणि त्या मोजणीचे श्रेय निर्विवाद मोठे आहे. ‘यमाताराज’चा क्रम मात्र वेगळा आहे. तिथे प्रत्येक गणाची शेवटची दोन अक्षरे पुढच्या गणाची पहिली दोन होतात. ही युक्ती ज्याला सुचली त्याची जाण विलक्षण होती. पण सूत्र आहे ते पाठांतरासाठी, आणि ते दहा अक्षरांची सरळ ओळ आहे. शेवटचे ‘ल’ आणि ‘गा’ लघु-गुरूंची नावे म्हणूनही तिथे आहेत. कडे आपण नंतर वळवले. चार किंवा पाच खुणांसाठी अशी ओळ बनेल का, बनली तर किती प्रकारे, हा प्रश्न त्या सूत्रात नाही. गणित सुरू होते ते त्या प्रश्नापासून.

तो प्रश्न १८९४ मध्ये एका फ्रेंच नियतकालिकात छापून आला आणि त्याच वर्षी उत्तरही आले. आकृतिबंधाची लांबी n असेल तर अशी कडी 2^(2^(n-1) - n) असतात: तीनसाठी २, चारसाठी १६, पाचसाठी २०४८. मग हे उत्तर विस्मरणात गेले. १९४६ मध्ये एका डच गणितज्ञाने तीच संख्या पुन्हा सिद्ध केली आणि नाव त्याचे लागले. १८९४ चे श्रेय त्याने स्वतः १९७५ मध्ये जाहीरपणे मान्य केले, पण तोवर नाव रुळले होते.

खरी कलाटणी वेगळीच आहे. आकृतिबंधांना टिंबे मानले तर प्रत्येक टिंबाला एकदाच भेट देणारी वाट शोधावी लागते, आणि तशी वाट शोधण्याची झटपट, हमखास रीत सर्वसाधारण आलेखासाठी, म्हणजे टिंबे आणि त्यांना जोडणारे बाण यांच्या कुठल्याही जाळ्यासाठी, सापडलेली नाही. आकृतिबंधांना बाण मानले की प्रश्न सोपा होतो. टिंबे चारच: ००, ०१, १०, ११. य गण म्हणजे ०११, म्हणून तो ०१ पासून ११ कडे जाणारा बाण. म गण ११ वरून ११ वरच परततो, न गण ०० वरून ०० वर. प्रत्येक टिंबात दोन बाण शिरतात, दोन निघतात आणि सगळी टिंबे एकमेकांशी जोडलेली आहेत. तेवढ्यावरून आठही बाण एकदाच वापरणारी बंद फेरी असणारच.

ती सापडताना अडखळते कुठे, हे फळ्यावर लगेच दिसते. इथल्या अभियांत्रिकीच्या वर्गात एक मुलगी ०१ पासून निघाली आणि ज, र, य, त, भ, स असे बाण पुसत परत ०१ वर आली. तिथून निघणारे दोन्ही बाण संपले होते, म आणि न मात्र शिल्लक होते. “सर, चुकलं का?” तिने विचारले. चुकले नव्हते. फेरी लवकर बंद झाली होती इतकेच. फेरीत ११ लागते तिथे म घुसवायचा, ०० लागते तिथे न. मग क्रम होतो ज, र, य, म, त, भ, न, स आणि कडे होते ०१०१११००. तीन खुणांसाठीचे हेच दुसरे कडे, शाळेतल्या कड्याचे उलट वाचन. तिने ते उलटे वाचून, बोटाने एकेक खूण जुळवून खात्री केली.

शिल्लक फेरी अशी मधे जोडण्याची रीत १८७३ पासूनची. २००१ मध्ये डीएनएचे तुकडे जुळवायला हाच विचार वापरला गेला: लहान तुकडा म्हणजे बाण, त्याची दोन टोके म्हणजे टिंबे. तिथे अडचण उलटी येते. जनुकसंचात एखादा लांब भाग दोन-तीनदा आला तर त्या टिंबांवरून एकाहून अधिक फेऱ्या निघतात, सगळ्या नियमाने बरोबर, आणि खरी कोणती हे आलेख सांगत नाही. त्यासाठी तो पुनरावृत्त भाग ओलांडून पलीकडे पोचेल इतका लांब तुकडा वाचावा लागतो.