मेल उघडला, हे पाठवणाऱ्याला कळतं कसं?

ईमेल म्हणजे नुसता मजकूर होता तोवर तो वाचला की नाही, हे पाठवणाऱ्याला आपणहून कळायची सोय नव्हती. १९९० च्या दशकाच्या शेवटी मेलमध्ये वेबपानासारखी चित्रं दिसू लागली आणि चित्र बदललं. बरेचदा मेलमध्ये चित्र नसतंच, फक्त त्याचा पत्ता असतो. मेल उघडला की आपला फोन त्या पत्त्यावर जाऊन चित्र घेऊन येतो. मग डोळ्याला न दिसणारा एक ठिपका ठेवायचा आणि प्रत्येकाला वेगळा क्रमांक द्यायचा:

```
<img src="https://example.com/o.gif?id=7f3a91" width="1" height="1">
```

ठिपका मागितला गेला की सर्व्हरवर एक ओळ नोंदली जाते: कोणता क्रमांक, किती वाजता, कोणत्या आयपीवरून, कोणत्या उपकरणातून. आयपीवरून साधारण शहर कळतं, कधी ऑफिसचं नेटवर्कही.

मेल पुढे पाठवला तर तोच क्रमांक दुसऱ्या ठिकाणाहून उघडला जातो. २००६ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीला हेच हवं होतं. संचालक मंडळातल्या बातम्या बाहेर कोण देतं, हे शोधायला तिच्या तपासनिसांनी नाराज कर्मचाऱ्याचं सोंग घेऊन सीनेट या तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या संकेतस्थळाच्या पत्रकाराला मेल पाठवला. सोबतच्या फाइलमध्ये असा माग काढणारा दुवा होता. पत्रकार ती आपल्या सूत्राला पाठवेल, अशी अटकळ होती. ती फसली, पण प्रकरण अमेरिकन काँग्रेसपर्यंत गेलं. एखाद्याला माहिती देणाऱ्या माणसापर्यंत पोहोचायला हा ठिपका वापरला जाऊ शकतो, याची मला आजही जाहिरातींपेक्षा जास्त धास्ती वाटते.

डिसेंबर २०१३ पासून जीमेल ही चित्रं गूगलच्या सर्व्हरमार्फत आणू लागलं. आयपी झाकला गेला, पण पहिल्यांदा उघडल्याची वेळ कळतच राहिली. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने त्यापुढची पायरी गाठली. ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेचं संरक्षण चालू असेल, तर चित्रं आधीच, तुम्ही मेल उघडा किंवा नका उघडू, ॲपलच्या सर्व्हरमार्फत आणली जातात. न वाचलेला मेलही उघडलेला दिसतो. त्यामुळे किती जणांनी मेल उघडला हे सांगणाऱ्या ‘ओपन रेट’वर आता विसंबता येत नाही.

म्हणून भर लिंकवर गेला. बटणावर दाबलं की ब्राउझर आधी पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर जातो, तिथे क्रमांक नोंदवला जातो आणि मगच खरं पान उघडतं. इथे मध्ये गूगल किंवा ॲपलचा आडोसा सहसा नसतो, त्यामुळे आपला खरा आयपीही पोहोचतो. कॉम्प्युटरवर लिंकवर कर्सर ठेवला, फोनवर ती दाबून धरली, की लांबलचक क्रमांकाचा परका पत्ता दिसतो. मात्र क्लिकही नेहमी माणसाचे नसतात. मेल पोहोचल्यावर काही सेकंदांत त्यातल्या सगळ्या लिंक एकदम उघडल्या गेल्या असतील, तर ते बहुधा ऑफिसच्या सुरक्षा स्कॅनरचं काम असतं.